नोंदणीच्या बटणाआधी

जळगावच्या बसस्थानकावर धुळ्याची गाडी लागली की तिच्या कपाळावर पाटी दिसते : जळगाव–धुळे, मार्गे एरंडोल, पारोळा. ज्याला चोपड्याला जायचंय तो त्या गाडीत चढत नाही. आणि ज्याला चढायचंय तोही आधी कंडक्टरला विचारतो, ‘कितला टाइम लागी?’ उत्तर मिळालं की मगच पिशवी आत टाकतो. पन्नास-शंभर रुपयांच्या तिकिटासाठी आपण इतकी चौकशी करतो. मग आपली पोरं बारा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स दोन बोटांच्या टिचकीत का घेतात? पोरांना दोष देणं सोपं आहे. माझ्या मते दोष पाटीचा आहे. कोर्सच्या पानावर सगळं काही असतं, पण गाडी कुठे जाते, किती वेळ घेते, चढायला काय लागतं आणि वाटेत किती चालावं लागतं, एवढं मात्र एका नजरेत दिसत नाही.

हा प्रश्न आता हौसेचा राहिलेला नाही. केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ पोर्टल 9 जुलै 2017 ला सुरू झालं. त्यावरच्या कोर्सचे क्रेडिट पदवीत धरायची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 च्या नियमांत एका सत्राच्या वीस टक्क्यांपर्यंत दिली होती, ती 2021 च्या नियमांत चाळीस टक्क्यांपर्यंत नेली. महाराष्ट्रात संलग्न महाविद्यालयांना 2024-25 पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि क्रेडिट हा शब्द शिरपूर, साक्री, अमळनेर, यावलच्या वर्गांत रोजचा झाला. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या हद्दीत जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे येतात. इथल्या पोरांपैकी कित्येकजण घरात पहिल्यांदाच पदवीचं शिक्षण घेतायत. कोर्स चुकीचा निवडला तर ‘अगं, तो सोड, दुसरा घे’ असं सांगणारं घरात कुणी नसतं. त्यांच्यासाठी कोर्सचं पान हाच एकमेव सल्लागार.

एक खरं पान घेऊ. कोर्स मुद्दाम चांगला निवडतो, कारण वाईट कोर्सच्या वाईट पानाबद्दल लिहिण्यात अर्थ नाही. ‘द जॉय ऑफ कॉम्प्युटिंग यूझिंग पायथन’ हा आयआयटी रोपडच्या प्रा. सुदर्शन अय्यंगार यांचा कोर्स. एनपीटीईएलने तो स्वयम्‌वर सत्रामागून सत्र चालवला. कॉम्प्युटरची भीती घालवणारा, खेळांतून प्रोग्रॅमिंग शिकवणारा, नवख्या पोरांना आवडणारा कोर्स आहे. अवधी बारा आठवडे, क्रेडिट तीन. पूर्वतयारी म्हणून पानावर दहावी. आणि ओळख करून देताना तीस तासांची मजेशीर सफर असं वर्णन.

आता शिरपूरहून रोज एसटीने धुळ्याच्या कॉलेजात येणारी द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणा. ती हे पान मोबाइलवर उघडते. बारा आठवडे आणि तीस तास. भागाकार कुणीही करेल : आठवड्याला अडीच तास. म्हणजे रविवारी दुपारी बसलं की झालं. ती नोंदणी करते.

हे तीस तास कुठून आले? बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये एनपीटीईएल साधारण तीस तासांचे व्हिडिओ देतं, आठ आठवड्यांत वीस आणि चार आठवड्यांत दहा. म्हणजे तो आकडा पडद्यावर प्राध्यापक बोलतात त्या वेळेचा आहे. मुलीने वही घेऊन बसायचं, व्हिडिओ थांबवून परत मागे न्यायचा, प्रोग्रॅम स्वतः टाइप करायचा, तो चालला नाही की का चालला नाही हे शोधायचं, दर आठवड्याची असाइनमेंट सोडवायची. हा वेळ त्यात नाही. प्रोग्रॅमिंगमध्ये खरं शिकणं होतं ते नेमकं या वेळात.

तो वेळ किती, हे सरकारच्याच हिशेबातून काढता येतं. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे शिकणाऱ्याचे तीस तास धरले आहेत. त्यात ऐकणं, वाचणं, सराव, परीक्षा सगळं आलं. तीन क्रेडिट म्हणजे नव्वद तास. नव्वदला बाराने भागा : आठवड्याला साडेसात तास. रोज सव्वा तास, आठवड्यातले सहा दिवस, सलग तीन महिने. पानावरून मुलीच्या मनात बसलेला आकडा अडीच आणि क्रेडिटचा अर्थ साडेसात. तिप्पट. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत, कुणी खोटं बोललेलं नाही. पण निर्णय घेताना तिच्यासमोर फक्त लहान आकडा होता.

याचा परिणाम तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसतो. पहिला आठवडा उत्साहात जातो. दुसऱ्यात एक असाइनमेंट घाईत होते. असाइनमेंटची मुदत बहुधा बुधवारी रात्री संपते, आणि मुदत टळली की त्या आठवड्याचे गुण गेले. रविवारी बसायचं ठरवलेली मुलगी दोन रविवार चुकली की मागे पडते आणि मग तिला वाटतं, आपल्याला प्रोग्रॅमिंग जमत नाही. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. तिला प्रोग्रॅमिंग जमलं नाही असं झालेलं नाही, तिला वेळ चुकीचा सांगितला गेला. खानदेशातल्या घरात हा गैरसमज महागात पडतो. ‘कॉम्प्युटर तिच्या बसचं नाही’ हे वाक्य एकदा घरात रुजलं की पुढच्या कोर्सला कुणी लॅपटॉप घेऊन देत नाही.

अवधी, व्हिडिओचे तास आणि कामाचे तास ही तीन वेगवेगळी मापं आहेत. पान सोपं करायचं म्हणजे ती तीन एका रकान्यात कोंबायची नाहीत. घड्याळाचं छोटं चित्र काढून शेजारी ‘12 आठवडे’ लिहिलं की पान सुटसुटीत दिसतं, पण ते सुटसुटीत दिसणंच फसवं आहे. पहिल्या पडद्यावर वाक्य हवं ते असं : ‘बारा आठवडे, दर आठवड्याला सात ते आठ तास, त्यातले अडीच तास व्हिडिओ, बाकी सराव आणि असाइनमेंट.’ एवढ्या एका ओळीने ती शिरपूरची मुलगी वही काढून स्वतःचा आठवडा मांडून बघेल. जमत असेल तर येईल. नसेल तर चार आठवड्यांचा, एका क्रेडिटचा कोर्स शोधेल आणि तो पूर्ण करेल.

इथे एक इशारा. क्रेडिटवरून काढलेले तास हा आराखड्याचा अंदाज आहे, मोजमाप नाही. ज्याने आधी सी भाषा शिकली आहे त्याचं काम चार तासांत उरकेल आणि ज्याने कधी कीबोर्डला हात लावला नाही त्याला दहाही कमी पडतील. म्हणून काही पानं ‘चार ते दहा तास’ असं लिहून मोकळी होतात. असला पल्ला निरुपयोगी आहे, कारण वाचणारा प्रत्येकजण स्वतःला चार तासवाला समजतो. त्यापेक्षा दोन ओळी लिहा : आधी कुठलीही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकलेल्याला किती, पहिल्यांदाच शिकणाऱ्याला किती. हे आकडे टेबलावर बसून काढायचे नसतात. मागच्या सत्रातल्या वीस-तीस मुलांना रोजची वेळ लिहून ठेवायला सांगा आणि मधल्या मुलाचा आकडा घ्या, हुशार मुलाचा नको.

आता पूर्वतयारी. ‘दहावी’ ही पात्रता झाली. पात्रता म्हणजे दारावर कुणी अडवणार नाही, आणि पूर्वतयारी म्हणजे आत गेल्यावर ठेच लागणार नाही. या कोर्सला खरोखर काय लागतं ते मोजून बघितलं तर गणित फार लागत नाही. भागाकार, बाकी, टक्केवारी समजली की सुरुवात होते. लागतात त्या दोन गोष्टी पानावर सहसा पहिल्या पडद्यावर नसतात. एक, लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर. व्हिडिओ मोबाइलवर बघता येतो, पण प्रोग्रॅम टाइप करून, चुका शोधून, पुन्हा चालवण्याचं काम बारा आठवडे मोबाइलवर करणं नवशिक्याला झेपत नाही. घरात एकच फोन आणि तोही भावाबरोबर वाटून घेतलेला, ही आपल्याकडची वस्तुस्थिती आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये आठवड्याला पाच तास बसायला मिळतील का, हा प्रश्न नोंदणीच्या आधीचा आहे. दुसरी गोष्ट इंग्रजी. व्याख्यान इंग्रजीत, असाइनमेंट इंग्रजीत. एनपीटीईएलने कित्येक कोर्सची भाषांतरं मराठीसह भारतीय भाषांत करून ठेवली आहेत, आणि ते मोठं काम आहे. पण भाषांतर वाचून विषय कळला तरी प्रश्न इंग्रजीतच वाचायचा असतो, हे आधी कळायला हवं.

पूर्वतयारी सांगण्याचा सगळ्यात प्रामाणिक मार्ग यादी हा नाही. तीन प्रश्न द्या. पहिला : 17 ला 5 ने भागलं तर बाकी किती उरते, आणि एखादी संख्या सम आहे की विषम हे बाकीवरून कसं ओळखाल? दुसरा : कोर्समधला मधल्या कुठल्यातरी आठवड्याचा तीन मिनिटांचा तुकडा ऐका आणि प्राध्यापक काय करत होते ते दोन वाक्यांत मराठीत लिहा. तिसरा : पुढचे तीन महिने रोज तासभर कॉम्प्युटर कुठे मिळेल, त्या जागेचं नाव लिहा. तिसरा प्रश्न परीक्षेचा वाटणार नाही, पण जास्तीत जास्त मुलं तिथेच अडतील, असं मला वाटतं. दुसऱ्या प्रश्नात तुकडा मधल्या आठवड्याचाच घ्यायला हवा. पहिला आठवडा सगळ्यांनाच सोपा वाटतो. खरी चढण पुढे रिकर्शनपाशी लागते, जिथे फंक्शन स्वतःलाच बोलावतं. टॉवर ऑफ हनॉयचं कोडं बघून ज्याला घाम फुटण्याऐवजी मजा वाटली, त्याने बेलाशक यावं.

निष्पत्तीबद्दल, म्हणजे कोर्स संपल्यावर काय येईल त्याबद्दल, मला थोडं जास्त बोलायचंय. कारण इथे पान लिहिणाऱ्याला वाटतं की आपण सगळं सांगितलं. पानावर अभ्यासक्रमाची लांबलचक यादी असते : चल राशी, लूप, याद्या, शोधणं, क्रम लावणं, लॉटरीचा खेळ, साप-शिडी, चित्रांवर प्रक्रिया, गूगलच्या पेजरँकपर्यंत. मुद्दे भरपूर आहेत. पण ही यादी प्राध्यापक काय शिकवणार ते सांगते. मुलगी काय करू शकेल, हे तिला त्यावरून ओळखता येत नाही, कारण त्यातले निम्मे शब्द तिला कोर्स संपल्यावरच कळणार आहेत! जो अजून शिकला नाही त्याला शिकल्यानंतरच्या भाषेत माहिती देऊन काय उपयोग?

हे असं का होतं याचं कारण साधं आहे. हा मजकूर जन्माला येतो तो कोर्सच्या प्रस्तावात. प्रस्ताव वाचणारे विषयातले तज्ज्ञ असतात. त्यांना मुद्दे हवे, संदर्भग्रंथ हवे, प्राध्यापकांचा परिचय हवा. कोर्स मंजूर होतो आणि तोच मजकूर विद्यार्थ्यांच्या पानावर चिकटतो. तज्ज्ञासाठी लिहिलेलं पान बी.ए.च्या मुलीला वाचायला दिलं जातं. आपल्या विद्यापीठाच्या छापील अभ्यासक्रमांचीही हीच गत आहे, पण तिथे निदान वर्गात बाई समजावून सांगतात.

मग लिहायचं कसं? ‘पायथनची ओळख होईल’, ‘संकल्पना समजतील’ ही वाक्यं काढून टाका, कारण ओळख झाली की नाही हे मुलीला स्वतःला तपासता येत नाही. तपासता येईल असं लिहा. अभ्यासक्रमाच्या यादीवरून मी असं मांडेन : ‘कोर्स संपल्यावर तुम्ही स्वतः, न बघता, एखाद्या मोठ्या मजकुरात कुठला शब्द किती वेळा आला हे मोजणारा प्रोग्रॅम लिहू शकाल. दोन जणांना खेळता येईल असा छोटा खेळ बनवू शकाल. दुसऱ्याचा पन्नास ओळींचा प्रोग्रॅम वाचून तो काय करतो हे सांगू शकाल.’ समन्वयकाने हे वाक्य जसंच्या तसं छापू नये. आधीच्या सत्रात कोर्स पूर्ण केलेल्या चार-पाच मुलांना बसवून ती कामं करायला सांगावीत. त्यांना जे जमलं नाही ते वाक्यातून काढावं.

आणि त्याच्या लगेच खाली दुसरी ओळ, जी लिहायला कुणी धजत नाही : ‘या कोर्सने काय होणार नाही.’ वेबसाइट बनवता येणार नाही. मोबाइल ॲप बनवता येणार नाही. एवढ्यावर नोकरी मिळणार नाही. यात कोर्सचा अपमान नाही. पहिली पायरी ही पहिली पायरी आहे असं सांगितलं की मूल दुसरीचा विचार आधीच करतं. जळगाव-धुळ्यात बारावीनंतर ‘पायथन केलं की पुण्याला पॅकेज’ अशी हवा आहे, आणि ती हवा ज्यांनी भरली त्यांच्या पानांवर ही ओळ कधीच दिसणार नाही.

त्या खाजगी क्लासच्या पानांचंही बघू. तिथे पहिल्या पडद्यावर हसऱ्या मुलांचे फोटो, पगाराचे आकडे आणि संपत आलेल्या सवलतीचं घड्याळ. अवधी आणि परताव्याची अट शोधायला बोट दुखेपर्यंत खाली जावं लागतं. यावर आता नुसतं हळहळण्याची गरज नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये शिकवणी क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. पन्नासहून अधिक विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या संस्था त्यांत येतात. कोर्स, त्याचा अवधी, शिक्षकांची पात्रता, फी आणि परतावा यांबद्दल खोटे दावे करायला बंदी आहे. नोकरीची, निवडीची किंवा गुणांची हमी देता येत नाही. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो लावायचा तर त्याने कुठला कोर्स घेतला होता, किती काळाचा, आणि तो पैसे भरून घेतला होता का, हे फोटोजवळच सांगावं लागतं. नुसता फोटो आणि गुण छापून भागत नाही. तळटीप असेल तर तिचा टाइप दाव्याच्याच आकाराचा हवा. पान उघडलं की पालकांनी फोटोखालची ओळ आधी वाचावी. ती नसेल तर पानाचा फोटो काढून ठेवावा. तक्रार करायची वेळ आली तर तो कामाला येतो.

पुन्हा आपल्या कोर्सकडे. चौथी गोष्ट म्हणजे प्रमाणपत्राची अट, आणि ती स्वयम्‌च्या पानावर आहे, ठळक अक्षरांत आहे, पण तळाशी आहे. शिकणं फुकट आहे. प्रमाणपत्र हवं तर परीक्षेची वेगळी नोंदणी आणि हजार रुपये फी, जी गेली अनेक सत्रं ठरलेली आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना निम्मी. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची. नोंदणी करताना शहर निवडावं लागतं, म्हणून यादीत जळगाव किंवा धुळे आहे का ते बघूनच पैसे भरावेत. बारा असाइनमेंटपैकी सर्वोत्तम आठांची सरासरी पंचवीस गुणांवर आणली जाते, परीक्षेचे गुण पंचाहत्तरवर. पास होण्यासाठी असाइनमेंटमध्ये पंचवीसपैकी किमान दहा आणि परीक्षेत पंचाहत्तरपैकी किमान तीस, दोन्ही वेगवेगळे मिळवावे लागतात.

याचा अर्थ एका उदाहरणात बघा. मुलीने असाइनमेंट मनापासून केल्या, पंचवीसपैकी चोवीस मिळवले. परीक्षेत पंचाहत्तरपैकी अठ्ठावीस आले. एकूण बावन्न. चाळीसची रेषा तिने बारा गुणांनी ओलांडली आहे, तरी प्रमाणपत्र नाही, कारण परीक्षेत दोन गुण कमी. प्रमाणपत्र नाही म्हणजे क्रेडिट नाही. असाइनमेंट घरी, पुस्तक उघडं ठेवून करता येतात, परीक्षा पर्यवेक्षकासमोर. त्यामुळे असाइनमेंटच्या गुणांवर विसंबून बसणाऱ्या मुलांची घसरण परीक्षेतच होते. ही अट नोंदणीच्या बटणाच्या वर असायला हवी, तळाशी नव्हे. वर असली तर मूल पहिल्या आठवड्यापासून न बघता सोडवायचा सराव करेल.

आणि तारीख. जुलैच्या सत्राची परीक्षा बहुधा ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला येते. तो काळ आपल्याकडे कापूस वेचणीचा, दिवाळीचा आणि विद्यापीठाच्या सत्र परीक्षेचा. चेन्नईत किंवा रोपडला पान तयार करणाऱ्याला हे ठाऊक असण्याचं कारण नाही. पण शिंदखेड्याच्या शेतकऱ्याच्या मुलीला सुट्टीच्या दिवशी सकाळी शेतात जावंच लागतं. तिच्यासाठी जानेवारीचं सत्र बरं पडेल की नाही, हे ठरवायला तारीख पहिल्या पडद्यावर लागते.

म्हणूनच स्वयम्‌चं मुख्य पान कधी सुधारेल याची वाट बघत बसू नये, असं माझं म्हणणं आहे. ते पान देशभराचं आहे आणि ते जळगावातून बदलता येणार नाही. पण एनपीटीईएलशी जोडलेल्या महाविद्यालयांत ‘लोकल चॅप्टर’ असतं आणि त्याचा एक समन्वयक प्राध्यापक असतो. त्या समन्वयकाच्या हातात एक गोष्ट आहे : प्रत्येक सुचवलेल्या कोर्समागे अर्ध्या पानाची मराठी चिठ्ठी, जी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात मूळ दुव्याच्या आधी जाईल. वर घेतलेल्या कोर्सची चिठ्ठी अशी होईल :

शेवटी काय करता येईल : शब्द मोजणारा प्रोग्रॅम, छोटा खेळ, दुसऱ्याचा प्रोग्रॅम वाचणं. वेबसाइट, ॲप, नोकरी यासाठी हा कोर्स नाही.

वेळ : बारा आठवडे, आठवड्याला सात-आठ तास. रोज सव्वा तास काढता येईल तरच घ्या. असाइनमेंटची मुदत दर आठवड्याला, मागून देता येत नाही.

आधी काय हवं : बाकी-भागाकार, इंग्रजी व्याख्यान निम्मंअधिक कळणं, रोज तासभर कॉम्प्युटर. कॉलेजच्या लॅबची वेळ अमुक ते अमुक.

प्रमाणपत्र : परीक्षा केंद्रावर, फी वेगळी, परीक्षेत आणि असाइनमेंटमध्ये वेगवेगळं पास व्हायचं. परीक्षेची तारीख अमुक. आपल्या कॉलेजात याचे क्रेडिट धरले जातात की नाही : हो किंवा नाही.

शेवटची ओळ पोर्टलवर कधीच मिळणार नाही, ती फक्त कॉलेज देऊ शकतं. चाळीस टक्क्यांची मुभा आहे म्हणून कुठलाही कोर्स आपोआप धरला जात नाही. तो कुठल्या विषयाच्या जागी धरायचा हे महाविद्यालयाने आणि विद्यापीठाने मान्य करावं लागतं. परीक्षा पास झाल्यावर ‘हा कोर्स आपल्या यादीत नाही’ असं सांगणं म्हणजे मुलाचे नव्वद तास पाण्यात घालणं आहे.

चिठ्ठी बनवताना दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, सोपं करायच्या नावाखाली कडू भाग गाळला जातो. फी, अट, तारीख खाली ढकलली जाते आणि वर ‘फुकट’, ‘आयआयटी’, ‘प्रमाणपत्र’ हे तीन शब्द उरतात. काही खाली ढकलायचंच असेल तर प्राध्यापकांचा दीर्घ परिचय, संदर्भग्रंथ आणि स्वागताचा व्हिडिओ खाली न्या. ते टाकून देऊ नका, ज्याला हवं तो शोधतो. दुसरी, माहिती टिचकी मारल्यावर उघडणाऱ्या पट्ट्यांत दडवली जाते. ‘पूर्वतयारी’ असं लिहिलेली मिटलेली पट्टी मोबाइलवर फार कुणी उघडत नाही. ज्यावर निर्णय ठरतो ते मिटलेलं ठेवायचं नाही.

चिठ्ठी चांगली झाली की नाही हे लिहिणाऱ्याला कळत नाही, कारण त्याला सगळं आधीच माहीत असतं. चाचणी सोपी आहे. कोर्सबद्दल काहीच माहीत नसलेल्या पाच मुलांना बोलवा. त्यांच्याच मोबाइलवर एक मिनिट चिठ्ठी वाचू द्या. मग फोन उलटा ठेवायला सांगून चार प्रश्न विचारा : संपल्यावर काय करता येईल? आठवड्याला किती तास? तुमच्याकडे काय नाही, जे लागणार आहे? प्रमाणपत्र कशाने हुकेल? आठवड्याच्या तासांना उत्तर म्हणून कुणी ‘बारा आठवडे’ म्हणालं, तर चिठ्ठी फसली, पुन्हा लिहा. तिसऱ्या प्रश्नाला पाचही जणांनी ‘सगळं आहे’ म्हटलं, तरीही फसली. पाच मुलं नेमकं काय चुकतंय ते दाखवतात, टक्केवारी काढायला पुरत नाहीत. त्यामुळे पाचपैकी चौघांना कळलं म्हणून ‘ऐंशी टक्के यश’ असं अहवालात लिहू नये.

एवढं सगळं केल्यावर नोंदणी कमी होईल. होणारच, आणि ती भीती खोटी नाही. कॉलेजच्या अहवालात ‘स्वयम् नोंदणी’ असा रकाना असतो आणि त्यातला आकडा मोठा दिसावा अशी सगळ्यांची धडपड असते. पण हा आकडा किती पोकळ असतो हे परदेशातल्या मोठ्या विद्यापीठांनी आपल्या आधी मोजून ठेवलंय. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन कोर्सवरचा अभ्यास जानेवारी 2019 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला : नोंदणी करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी कोर्स एकदाही उघडला नाही, आणि 2017-18 मध्ये कोर्स पूर्ण करणारे जेमतेम तीन टक्के होते. ज्यांनी पैसे भरून प्रमाणपत्राचा मार्ग घेतला त्यांच्यात मात्र 46 टक्क्यांनी पूर्ण केला. पैसे भरले म्हणून पूर्ण झालं, की आधीच ठरवलं होतं म्हणून पैसे भरले, हे त्या आकड्यांवरून ठरवता येत नाही. पण ठरवून आलेला आणि टिचकी मारून आलेला यांच्यात किती अंतर असतं ते दिसतं.

समन्वयकांना माझी विनंती एवढीच. पुढच्या सत्रात दोन कोर्स निवडा. एकाची चिठ्ठी काढा, दुसऱ्याचा नुसता दुवा पाठवा. मग तीन आकडे नोंदवा : नोंदणी किती, दुसऱ्या आठवड्याची असाइनमेंट दिली किती जणांनी, परीक्षेला बसले किती. दोन कोर्स वेगळे असल्याने तुलना काटेकोर होणार नाही, तरी दिशा कळेल. नोंदणी घटली आणि परीक्षेला बसणारे तेवढेच राहिले किंवा वाढले, तर तो कागद प्राचार्यांपुढे ठेवा आणि अहवालात ‘नोंदणी’च्या शेजारी ‘परीक्षा दिली’ असा रकाना वाढवून मागा.